विमानाच्या तिकिटावरचा जीएसटी परत मिळतो, पण तिकीट दाखवून नाही

प्रवासखर्चावरच्या व्हिडिओत विमानाच्या तिकिटाचा मुद्दा मी दोन वाक्यांत उरकला होता. "जीएसटी नंबर टाका, क्रेडिट मिळतं," एवढंच बोललो आणि पुढे गेलो. ते बरोबर होतं, पण अर्धवट होतं. नंतर आमच्या बॅचमधल्या एका ताई वर्षभराच्या तिकिटांची फाईल घेऊन आल्या. चांदीच्या दागिन्यांचा छोटा व्यवसाय, नियमित जीएसटी नोंदणी, आणि प्रदर्शनांसाठी दिल्ली, जयपूर, हैदराबाद अशा फेऱ्या. प्रत्येक तिकिटाची प्रिंट आणि त्याला स्टेपल केलेला बोर्डिंग पास. एवढी नीटनेटकी फाईल मी कमी वेळा बघितली आहे. त्यांच्या सीएंनी त्यातल्या एकाही तिकिटाचं क्रेडिट घेतलं नव्हतं, आणि सीएंचं काही चुकलेलं नव्हतं.

फाईलमध्ये पैसे भरल्याचा पुरावा होता, प्रवास केल्याचाही होता. टॅक्स इन्व्हॉइस मात्र एकही नव्हतं, कारण बुकिंग करताना ताईंनी धंद्याचा जीएसटी नंबर कुठेच दिला नव्हता. विमान कंपनीच्या लेखी त्या एक सामान्य प्रवासी होत्या.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे क्रेडिट मला लागू आहे का? तुमची जीएसटी नोंदणी नसेल, किंवा तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल, तर नाही. अशा वेळी तिकिटाची पूर्ण रक्कम प्रवासखर्च म्हणून हिशेबात लिहा आणि मोकळे व्हा. नियमित नोंदणी आहे आणि प्रवास धंद्यासाठीच आहे, तर क्रेडिट मिळतं. काही जण सांगतात की प्रवासाचं क्रेडिट कायद्यानंच बंद आहे. तसं नाही. कलम १७(५) मध्ये बंद आहे ते कर्मचाऱ्यांना सुट्टीवर किंवा गावी जाण्यासाठी दिलेल्या प्रवास सवलतीचं. तुम्ही किंवा तुमचा माणूस ग्राहकाला भेटायला, मशिन बघायला, प्रदर्शनाला गेला, तर ते त्यात येत नाही.

रक्कम किती? इकॉनॉमी क्लासच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो. बिझनेस क्लासला आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. आपण बहुतेक जण इकॉनॉमीवालेच, त्यामुळे एका फेरीमागे काही शे रुपयांचा मामला आहे. एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोकं लावायचं, असं वाटेल. पण बुकिंग करताना पंधरा अक्षरं टाइप करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट चुकला तर नंतर अख्खा दिवस फोन करूनही ती रक्कम बहुधा परत येत नाही.

तिकीट हेच इन्व्हॉइस असतं का?

गंमत म्हणजे, कायद्यानुसार असू शकतं. जीएसटी नियम ५४(४) सांगतो की प्रवासी वाहतुकीत तिकीट, मग त्याचं नाव आणि रूप काहीही असो, टॅक्स इन्व्हॉइस म्हणून चालतं. त्याला अनुक्रमांक नसला तरी चालतो, तुमचा पत्ता नसला तरी चालतो. पण पुढे एक अट आहे: इन्व्हॉइसवर लागणारी बाकीची माहिती त्यावर हवी. इथेच आपलं नेहमीचं ई-तिकीट कमी पडतं. ईमेलवर येतं त्या कागदावर प्रवाशाचं नाव, पीएनआर, वेळ, बॅगेचं वजन सगळं असतं, पण तुमचा जीएसटी नंबर आणि कराची नीट फोड बहुतेक वेळा नसते. म्हणून विमान कंपन्या एक वेगळा कागद काढतात, त्यावर स्पष्ट 'टॅक्स इन्व्हॉइस' असं लिहिलेलं असतं. आपल्याला हवा तो हा कागद.

तो हातात आला की काय बघायचं? नियमांमधली यादी मोठी आहे, पण घाबरू नका. नियम ३६(२) मध्येच सांगितलं आहे की बाकी एखादी गोष्ट राहून गेली तरी क्रेडिट चालतं, फक्त काही गोष्टी असल्याच पाहिजेत: विमान कंपनीचा जीएसटी नंबर, तुमचा जीएसटी नंबर, सेवेचं वर्णन, एकूण रक्कम, आकारलेला कर, आणि व्यवहार दोन राज्यांमधला असेल तर प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे सेवा कोणत्या राज्यात दिली असं धरलं आहे ते. एवढं असेल तर कागद उभा राहतो. इन्व्हॉइस नंबर आणि तारीखही बघून घ्या, कारण पुढे पोर्टलवर जुळणी त्यावरूनच करायची आहे.

यातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे तुमचा स्वतःचा नंबर. घाईत मोबाईलवर टाइप करताना इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल होते. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, मग दहा अक्षरांचा पॅन, मग उरलेली तीन. पॅनचा भाग स्वतःच्या पॅन कार्डाशी ताडून बघितला की बहुतेक चुका तिथेच सापडतात. माझा सल्ला असा की नंबर टाइपच करू नका. नोंदणी प्रमाणपत्रावरून एकदा कॉपी करून फोनमध्ये सेव्ह करा आणि दर वेळी तोच पेस्ट करा.

प्रवाशाचं नाव आणि फर्मचं नाव वेगळं आहे, मग चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालेल. विमानात माणूस बसतो, फर्म नाही. तुमचा सेल्समन गेला तर तिकिटावर प्रवासी म्हणून त्याचंच नाव येणार. इन्व्हॉइसवर सेवा घेणारा म्हणून फर्मचा नंबर असला की झालं. फक्त तो कशासाठी गेला याचा एखादा पुरावा, म्हणजे प्रदर्शनाचा पास, ग्राहकाचा ईमेल, ऑर्डर, त्या इन्व्हॉइससोबत ठेवा. उद्या कोणी विचारलं तर "धंद्यासाठी गेलो होतो" हे तोंडी सांगून भागत नाही.

आणखी एक. विमान कंपनीच्या इन्व्हॉइसवर क्यूआर कोड आणि आयआरएन नंबर नाही म्हणून ते खोटं किंवा अपूर्ण समजू नका. प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना ई-इन्व्हॉइसच्या सक्तीतून वगळलेलं आहे.

नंबर पोर्टलला दिला, पण विमान कंपनीला पोचला का?

आता ज्या ठिकाणी हुशार माणसंही फसतात तिथे येऊ. तुम्ही एखाद्या ट्रॅव्हल वेबसाइटवरून बुकिंग केलं तर त्या एका व्यवहारात तुम्हाला सेवा देणारे दोन जण असतात. वेबसाइट तुम्हाला बुकिंगची सेवा देते आणि तिच्या कन्व्हिनियन्स फीवर १८ टक्के जीएसटी लावते. विमान कंपनी तुम्हाला प्रवासाची सेवा देते आणि भाड्यावर ५ टक्के लावते. दोघांची इन्व्हॉइस वेगळी असतात.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. एका वेबसाइटवर प्रोफाइलमध्ये मी जीएसटी नंबर भरून ठेवला होता. दर बुकिंगनंतर माझ्या नंबरसकट इन्व्हॉइस यायचं, मी खूश. काही महिन्यांनी नीट वाचलं तेव्हा कळलं की ते फक्त त्यांच्या फीचं इन्व्हॉइस होतं. भाड्यावरच्या कराचा त्यात काही संबंधच नव्हता. प्रवाशाची माहिती भरायच्या पानावर खाली जीएसटी नंबरासाठी वेगळी चौकट होती, तिच्यावर टिक केलं तरच नंबर विमान कंपनीकडे जात होता. मी ती कधी उघडलीच नव्हती.

म्हणून बुकिंगच्या वेळी प्रवाशांच्या नावांच्या आसपास ही चौकट शोधा. तिथे नंबर, नोंदणीतलं नाव आणि ईमेल मागतात. ईमेल असा द्या जो तुम्ही खरंच उघडता, कारण इन्व्हॉइस बऱ्याचदा तिथेच येतं. आलं नाही तर विमान कंपनीच्या वेबसाइटवर जीएसटी इन्व्हॉइसचा विभाग असतो, तिथे पीएनआर टाकून डाउनलोड करता येतं. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट काढत असाल तर त्याला व्हॉट्सअॅपवर लिहून सांगा: "एअरलाइनच्या बुकिंगमध्ये आमचा जीएसटी नंबर टाका, फक्त तुमच्या बिलावर नको." हे वाक्य त्याला बरोबर कळतं.

तिकीट निघाल्यानंतर नंबर घालून मागितला तर सहसा नकारच येतो. तरीही लक्षात आल्या आल्या, त्याच दिवशी विचारून बघा. प्रवास होऊन गेल्यावर मात्र त्या फोनवर वेळ घालवू नका.

जाता-येता कर वेगळा का दिसतो?

समजा तुमचं पुण्यात युनिट आहे, नोंदणी महाराष्ट्राची, आणि तुम्ही दिल्लीला जाऊन आलात. तिकीट एकच काढलं, पीएनआर एकच. पण कायदा परतीच्या प्रवासाला वेगळा प्रवास मानतो, तिकीट एकत्र काढलं असलं तरी. त्यामुळे दोन इन्व्हॉइस आली तर गोंधळू नका.

विमान कंपन्या साधारणपणे विमान जिथून सुटतं त्या राज्यातल्या नोंदणीवरून बिल करतात. आणि तुम्ही जीएसटी नंबर दिला असेल तर प्लेस ऑफ सप्लाय तुमचं राज्य, म्हणजे महाराष्ट्र, धरलं जातं. जाताना कंपनी महाराष्ट्रातली, तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणून सीजीएसटी आणि एसजीएसटी अडीच-अडीच टक्के. येताना कंपनीची नोंदणी दिल्लीची आणि तुम्ही महाराष्ट्रातले, म्हणून ५ टक्के आयजीएसटी. दोन्हीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं.

नंबर दिला नसेल तर काय होतं? मग प्लेस ऑफ सप्लाय म्हणजे विमानात बसलात ते ठिकाण. परतीच्या तिकिटावर दिल्लीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. महाराष्ट्राच्या नोंदणीत दिल्लीचा राज्य कर वापरता येत नाही. म्हणून परतीच्या इन्व्हॉइसवर आयजीएसटीऐवजी हे दोन कर दिसले, तर समजा की नंबरात किंवा राज्यात काहीतरी चुकलं आहे.

आता आकडे मांडू. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या तिकिटावर वेगळे असतील. जाताना भाडं आणि विमान कंपनीचे इतर आकार मिळून ५,२०० रुपये, त्यावर कर २६० (१३० आणि १३०). विमानतळाचं शुल्क त्यावरच्या करासकट ५९०. एकूण ६,०५०. येताना भाडं ५,६००, आयजीएसटी २८०, विमानतळाचं शुल्क करासकट २३६, एकूण ६,११६. वेबसाइटची फी ४०० आणि त्यावर कर ७२. खात्यातून गेले १२,६३८ रुपये.

बरेच जण काय करतात? १२,६३८ चे ५ टक्के काढतात आणि ६३२ रुपये क्रेडिट लिहितात. हे चुकीचं आहे. इन्व्हॉइसवरून बघा: २६० अधिक २८० अधिक ७२, म्हणजे ६१२. वीस रुपयांचा फरक आहे खरा, पण तो तुमच्या रिटर्नमध्ये आणि पोर्टलवरच्या आकड्यांत दर महिन्याला राहणारा फरक आहे. आणि चुकीचं घेतलेलं क्रेडिट वापरलंत तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं.

विमानतळाच्या शुल्कावरच्या कराचं काय, असं तुम्ही विचाराल. वरच्या उदाहरणात तो ९० आणि ३६ असा मिळून १२६ रुपये आहे. हे शुल्क विमान कंपनी विमानतळाच्या वतीनं गोळा करते. २०१९ च्या एका सरकारी परिपत्रकात, विमान कंपनीच्या इन्व्हॉइसवरून नोंदणीकृत प्रवाशाला त्याचंही क्रेडिट घेता येईल असं म्हटलं आहे. पण त्यानंतर नियम कडक झाले. आता क्रेडिट तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसावं लागतं. त्यामुळे माझं मत साधं आहे: २बी मध्ये ती रक्कम आली तर घ्या, आली नाही तर १२६ रुपये खर्चात टाका. त्यासाठी भांडण नको.

२बी मध्ये दिसल्याशिवाय घाई नको

इन्व्हॉइस हातात असणं ही एक अट झाली. दुसरी अट म्हणजे विमान कंपनीनं तिच्या रिटर्नमध्ये ते तुमच्या नंबरावर दाखवलेलं असणं. दर महिन्याच्या १४ तारखेला आदल्या महिन्याचं जीएसटीआर-२बी पोर्टलवर तयार होतं. ते उघडा, विमान कंपनीच्या नावाखाली इन्व्हॉइस नंबर शोधा, कर जुळवा. शोधताना लक्षात ठेवा की एकाच विमान कंपनीचे वेगवेगळ्या राज्यांचे नंबर तिथे वेगवेगळ्या ओळींत दिसतात. जातानाचं सापडलं आणि येतानाचं नाही असं वाटलं, तर खाली दिल्लीच्या ०७ ने सुरू होणाऱ्या नंबरापर्यंत जा.

तिसरी अट लोक विसरतात: सेवा मिळालेली हवी. फेब्रुवारीत तिकीट काढलं आणि प्रवास एप्रिलमध्ये आहे, तर इन्व्हॉइस फेब्रुवारीच्या २बी मध्ये येईल, पण तुम्ही अजून उडालेलाच नाहीत. क्रेडिट प्रवास झाल्यावर घ्यायचं. तोपर्यंत ते कसं बाजूला ठेवायचं हे सीएंना विचारा, त्यासाठी पोर्टलवर सोय आहे. फार लांबवूही नका. २०२५-२६ सालातल्या इन्व्हॉइसचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच घेता येतं, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलंत तर त्या दिवसापर्यंतच.

तिकीट रद्द केलं तर विमान कंपनी क्रेडिट नोट काढते आणि तीही २बी मध्ये येते. आधी घेतलेलं क्रेडिट तेवढ्यानं कमी करावं लागतं. रद्द करण्यासाठी कापलेल्या रकमेवरही भाड्याच्याच दरानं कर असतो, त्यामुळे पूर्ण कर परत गेला असं गृहीत धरू नका. क्रेडिट नोटेवर जो आकडा आहे तोच धरा. प्रदर्शन पुढे ढकललं, तिकीट बदललं, मग जुनं इन्व्हॉइस तसंच राहिलं आणि नवंही आलं, हे मी दोन-तीन फायलींमध्ये बघितलं आहे. दोन्हीचं क्रेडिट घेतलं गेलं होतं.

घरचं माणूस सोबत येणार असेल तर त्याचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर आणि जीएसटी नंबर न देता काढा. मिसेसना दिल्ली दाखवायला नेलं याला माझी काही हरकत नाही, पण त्यांच्या तिकिटाचं क्रेडिट धंद्यात बसत नाही. एकाच बुकिंगमध्ये दोघं असली की इन्व्हॉइस एकत्र येण्याची शक्यता असते आणि मग हातानं वेगळं करत बसावं लागतं.

आणि गुवाहाटी, इंफाळ किंवा बागडोगऱ्याला इकॉनॉमीनं गेलात आणि इन्व्हॉइसवर भाड्याचा कर शून्य दिसला, तर ती चूक नाही. ईशान्येकडच्या राज्यांतल्या आणि बागडोगऱ्याच्या विमानतळांवरून निघणाऱ्या किंवा तिथे संपणाऱ्या इकॉनॉमी प्रवासाला कर माफ आहे. कर नाही, तर क्रेडिटही नाही.

ताईंच्या जुन्या तिकिटांचं काही करता आलं नाही. ती रक्कम त्यांच्या सीएंनी खर्चात टाकली. पुढच्या महिन्यात त्यांनी हैदराबादचं तिकीट काढलं तेव्हा पैसे भरायच्या आधी मला स्क्रीनशॉट पाठवला. नंबर होता, पण शेवटून दुसरं अक्षर, जिथे इंग्रजी झेड असतं, तिथे २ पडला होता. तो बदलून मग त्यांनी पैसे भरले. चौदा तारखेनंतर २बी उघडलं तेव्हा दोन्ही इन्व्हॉइस तिथे होती, जातानाचं २७ च्या नंबराखाली आणि येतानाचं तेलंगणाच्या ३६ च्या.